दुसरी सही

मृणाली चुकली की ती चूक स्वतःच्या हाताने कागदावर लिहिते, खाली तारीख घालते, सही करते आणि ज्याला शिक्षा द्यायचा अधिकार आहे नेमक्या त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवते. मला काळजी वाटते ती याची. गेले नऊ दिवस ही काळजी मानेवर बसली आहे. भाजी निवडताना, शिकवणीच्या पोरांचे पाढे ऐकताना, सगळीकडे बरोबर असते.

आता ती आत झोपली आहे. समोरच्या गाळ्यात रात्रपाळीचे लूम चालू आहेत. भिवंडीतल्या आम्हा कामतघरवाल्यांची झोप त्या आवाजाने मोडत नाही, तो बंद पडला की मोडते. मी जागी आहे ती लूममुळे नाही. उद्या शनिवार आहे, आणि उद्या संध्याकाळपर्यंत तिच्या संस्थेतल्या भोईर सरांना उत्तर द्यायचं आहे.

पोरगी पहिल्यापासून अशीच. सहावीत असताना तिला मी रेशनच्या दुकानात पाठवलं होतं. सासूबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, पण कार्डावर त्यांचं नाव होतं आणि त्यांच्या वाट्याचं धान्य आम्हाला मिळत होतं. दुकानदाराने सहज विचारलं, "आजी कशी आहे गं?" ही भर रांगेत म्हणाली, "आजी वारली. नाव काढायचं राहिलंय." त्या महिन्यापासून धान्य कमी झालं. यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. "आईला मी एकदाच पोचवली होती," हे म्हणाले, "हिने दुसऱ्यांदा पोचवली." आजही पाहुणे आले की हा किस्सा सांगतात आणि सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असतो. माझा तेव्हाही फुलला नव्हता. पाच माणसांचं घर, यांची लूममधली जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करायची नोकरी, त्यात एक माणूस कमी झाल्याचं मला भात शिजवताना कळत होतं.

पुढे ती बी.कॉम. झाली, मग समाजकार्याचं शिक्षण घेतलं. तीन वर्षांपूर्वी कल्याण रोडवरच्या एका संस्थेत लागली. संस्था गणेशपुरीच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यांत काम करते. तिथे मुलींचं एक वसतिगृह आहे, बासष्ट मुली. मृणालीला चोवीस हजार पगार आहे, आणि नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. करार दर एकतीस मार्चला संपतो. सव्वीस वर्षांची झाली. लग्नाचं विचारलं की म्हणते, "आई, आधी पाण्याचं बघू."

पाण्याचं म्हणजे असं. वसतिगृहाची विहीर फेब्रुवारीत तळाला जाते. मग टँकर. टँकर दोन दिवस आला नाही की मुलींना घरी पाठवतात, आणि मार्चमध्ये घरी गेलेल्या मुलींतल्या निम्म्या परीक्षेला येत नाहीत. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळते. मागच्या वर्षी अशा अकरा मुली गेल्या. मृणालीने त्या अकरा जणींची नावं घालून संस्थेकडे बोअरवेल मागितली. एका कंपनीने देणगी दिली. अडीचशे फुटांच्या बोअरला चव्वेचाळीस हजार रुपये मंजूर झाले.

बोअरच्या दिवशी मी तिच्याबरोबर होते.

खरं तर मी वज्रेश्वरीला निघाले होते. संस्थेची जीप त्याच वाटेने जाणार होती. "चल आई, देवळापाशी सोडते, येताना घेते," ती म्हणाली. पण वाटेत रिगच्या, म्हणजे बोअर मारायच्या मशीनच्या, एजंटचा फोन आला की गाडी लवकर पोचली आहे, मशीन लावतो. मग देऊळ राहिलं आणि मी थेट पाड्यावर गेले. ड्रायव्हर भरतने गाडीच्या रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं नाही. संस्थेच्या गाडीतून घरची माणसं न्यायची नाहीत असा नियम आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मृणालीला होतं. तिच्याकडून घडलेली ही एक चूक मात्र कागदावर आलेली नाही.

रिगचा एजंट हिरामण, शेलार गावचा. त्याची माणसं दक्षिणेकडली, त्यांच्याशी तो हिंदीत ओरडायचा आणि आमच्याशी त्याच्या बोलीत. मला लगेच त्याने मावशी केलं. "मावशी, हितं सावलीला बसा. धूळ लय उडल."

मी बसले ती नेमकी रॉडच्या रचलेल्या ढिगाशेजारी. एक रॉड वीस फुटांचा. रॉड खाली गेला की त्यावर दुसरा जोडतात, तो गेला की तिसरा. किती रॉड गेले त्यावरून खोली कळते, आणि पैसे फुटावर. मी मोजू लागले. मुद्दाम नव्हे, माझा स्वभावच तो. वीस फूट म्हणजे चोवीसशे रुपये, म्हणजे माझ्या लेकीच्या पगाराचे तीन दिवस. प्रत्येक रॉड खाली जाताना माझे तीन दिवस खाली जात होते.

सुरुवातीलाच माती भुसभुशीत निघाली. वरचा भाग ढासळू नये म्हणून बोअरमध्ये केसिंगचा पाइप घालतात. तो वीस फूट लागेल असा अंदाज होता, लागला साठ फूट. त्यानंतर काळा दगड, आणि त्या दगडाची कोरडी पांढरी भुकटी. शंभर फूट, दोनशे फूट, भुकटीच. बारा रॉड गेले. तेरावा अर्धा गेला तेव्हा हिरामणने हात वर करून मशीन थांबवली.

"मॅडम, अडीचशे झाला. पानी न्हाय. काय करायचा?"

"थांब, मी सरांना विचारते."

तिथे रेंज नाही. रेंजसाठी तीन किलोमीटर खाली वळणापर्यंत जावं लागतं. हिरामण म्हणाला, "जावा, पन गाडी माझी हितं उभी राहनार न्हाय. दुपारी वाड्याला दुसरी बोअर हाय. रॉड वर काढले का परत होळीनंतर. आन् तवर भोक बुजला तर माझ्याकडं बघायचा न्हाय. दगडात फट लागतेच, मॅडम. कवा लागल ते मी न्हाय सांगनार."

मृणालीने केसांत खोचलेलं पेन काढलं, परत खोचलं. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई, मंगळी, दारात कढई घेऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या. मृणालीने माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर ओळखता येते. रेशनच्या रांगेत ती कोणाला विचारायला थांबली नव्हती, पण इथे तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तिला आयुष्यभर "नको" म्हणत आले. सहलीला जाऊ नको, मुंबईला नोकरी घेऊ नको, कोणाशी भांडू नको. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. समोर बासष्ट लोटे ओळीने मांडले होते आणि एकातही पाणी नव्हतं. मी म्हटलं, "मृणू, थांबू नको."

तिने हिरामणला सांगितलं, "चालू ठेवा."

विसाव्या रॉडला भुकटी ओली आली. मग चिखल, मग पाणी असं उसळलं की रिगची माणसं तोंड पुसत हसू लागली. मुली धावत बाहेर आल्या. मंगळीबाईंनी हातातला झारा तसाच धरून पाण्यात पाय घातले. "बाय, गार हाय!" त्या मला म्हणाल्या. खात्रीसाठी हिरामणने एकविसावा रॉडही पूर्ण उतरवला. चारशे वीस फूट. हे मी पाहिलं. मोजलं.

बिल आलं त्र्याऐंशी हजार नऊशे. तीनशे फुटांच्या खाली दर वाढत जातो, आणि वाढलेल्या केसिंगचे अठरा हजार आणखी. मंजूर रकमेपेक्षा एकोणचाळीस हजार नऊशे जास्त.

संस्थेचा नियम सरळ आहे. मंजुरीपेक्षा दहा टक्के जास्त खर्च झाला तर प्रकल्पप्रमुख मान्य करू शकतो. त्याच्या वर गेला तर वित्तप्रमुखाकडे अंतर्गत टिपणी पाठवायची, आणि खरं म्हणजे खर्च करण्याच्या आधी पाठवायची. प्रकल्पप्रमुख म्हणजे चांगदेव म्हात्रे. वित्तप्रमुख म्हणजे केसरीनाथ भोईर, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. म्हात्रे सर वाईट माणूस नाही. त्यांनी मृणालीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि वाट सांगितली.

"कागदावर दोन बोअर दाखव. एक अडीचशेची, फेल गेली. दुसरी पाण्याची. दोन बिलं कर. फेल बोअरसाठी आकस्मिक खर्चाचं हेड आहे. हिरामण देईल बिल, सगळेच देतात."

"सर, तिथे एकच भोक आहे."

"भोक बघायला कोण जातंय डोंगरावर?"

"मी जाते ना सर, दर आठवड्याला."

हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "बाई गं, ते तुझे वरिष्ठ आहेत."

"म्हणूनच सर म्हटलं ना."

त्या रात्री जेवणानंतर तिने टिपणी लिहायला घेतली. मी समोर बसून मेथी निवडत होते. ती एकेक वाक्य वाचायची, मी ऐकायची. विषय असा होता: मुलींच्या वसतिगृहातील बोअरवेलच्या मंजूर खर्चापेक्षा जास्त झालेल्या रकमेस कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत. मग किती मंजूर, किती झाला, फरक किती आणि कशामुळे. दर करारातलेच आहेत, एकही नवा दर नाही. पाणी बोअरमध्ये वर चढून दीडशे फुटांवर स्थिर झालं आहे, म्हणून पंप मंजूर पाइपातच बसेल, त्याचा खर्च वाढणार नाही. टाकीचा चौथरा पाड्यातल्या लोकांनी श्रमदानाने बांधला, त्यामुळे पाण्याच्याच हेडमध्ये सेहेचाळीस हजार शिल्लक आहेत, जादा रक्कम त्यातून भागवता येईल. देणगीदारांकडे वेगळे पैसे मागावे लागणार नाहीत. बिल एकतीस मार्चच्या आत जायला हवं, नाहीतर ती शिल्लक परत जाईल.

इथपर्यंत मला बरं वाटत होतं. हुशार आहे पोरगी, असं मनात आलं. पुढचा परिच्छेद तिने जरा हळू वाचला.

"अडीचशे फुटांच्या पुढे खोदण्याचा निर्णय मी पूर्वपरवानगीशिवाय जागेवर घेतला. तसेच दहा टक्क्यांची मर्यादा त्याआधीच, केसिंग वाढले तेव्हाच ओलांडली गेली होती. मी फक्त खोदाईचे फूट मोजत होते, केसिंगचा हिशोब तेव्हा केला नाही. ही माझी चूक आहे."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. "हे कशाला? केसिंगचं त्यांच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"भोईर सरांच्या? येईल. आणि नाही आलं तरी तसंच झालंय."

"निर्णय मी घेतला म्हणतेस. मी नव्हते का म्हटलं, थांबू नको?"

"तू म्हटलंस. मी सांगितलं. हिरामणने मशीन माझ्या शब्दावर चालू केली, तुझ्या नाही. आणि तू तिथे नव्हतीसच आई, रजिस्टरप्रमाणे."

"मग तेही लिही!"

"भरतची नोकरी जाईल. त्याला मीच म्हटलं होतं, आईला बसू दे."

हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "टिपणी लिहितेय की कबुलीजबाब? पोलीस ठाण्यात देऊन ये, लवकर निकाल लागेल."

म्हात्रे सरांनी ती टिपणी वाचली, चूक कबूल केलेला परिच्छेद खोडायला सांगितला, ती नाही म्हणाली, तेव्हा त्यांनी खाली 'सादर' एवढाच शब्द लिहून सही केली. शिफारस केली नाही. मृणाली म्हणाली, "हरकत नाही, अडवलं पण नाही."

सोमवारी भोईर सरांनी तिला बोलावलं. घरी येऊन तिने आम्हाला त्यांची नक्कल करून दाखवली, चष्मा नाकाच्या टोकावर, मान खाली, डोळे वर.

"बसा. केसिंगचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी तेच विचारणार होतो."

मृणालीने माझ्याकडे डोळे मिचकावले.

"शिल्लक आहे, दर बरोबर आहेत, पाणी आहे. माझी अडचण दुसरी आहे." त्यांनी मोजणीचा तक्ता समोर ठेवला. किती रॉड गेले त्याचा तो तक्ता. खाली दोन सह्यांच्या जागा असतात, एक संस्थेच्या कर्मचाऱ्याची, दुसरी तिथे हजर असलेल्या बाहेरच्या माणसाची. ठेकेदाराला त्यात धरत नाहीत. "दुसरी सही कुठे आहे?"

दुसरी सही नव्हती. ती नेहमी वसतिगृहाच्या अधीक्षिका मिळवून देतात, गावच्या कोणाची तरी. त्या दिवशी त्या भिवंडीत बैठकीला आल्या होत्या. पाणी लागलं, मुली नाचल्या, मृणालीने स्वतःची सही केली आणि दुसरी जागा कोरी राहिली.

"सर, अजून पंप उतरवलेला नाही. दोरी सोडून खोली मोजू या," मृणाली म्हणाली. हे तिनेच सुचवलं. त्यांनी सुचवलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

बुधवारी ती आणि भरत पाड्यावर गेले. नायलॉनच्या दोरीला लोखंडाचा गोळा बांधला, दर दहा फुटांवर गाठ. दोनदा सोडली. दोन्ही वेळा गोळा चारशे सहा फुटांवर टेकला.

चौदा फूट कमी.

हिरामणला फोन केला तर तो चिडला. "मॅडम, गाळ बसला आसल तळाला. पानी लागल्यावर वाड्याच्या घाईत हवा मारून साफ करायचा राहिला, ती माझी चूक. पन रॉड एकवीस गेलं. तुम्ही व्हता ना?"

होती ती. पण ती एकटी, कागदावर.

म्हात्रे सर म्हणाले, "अगं, मंगळीची सही घे आणि विषय संपव." मृणालीने मंगळीबाईंना विचारलं मात्र वेगळं. "मावशी, तुम्ही रॉड मोजले होते का?" मंगळीबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "सही मागत असशील तं करीन बाय. तुझ्यासाठी कुठं पन करीन. पन मी मोजलं न्हाय. मी भात टाकत व्हती." मृणाली म्हणाली, "मग नको." आणि त्यांच्या हातची भाकरी खाऊन परत आली.

गुरुवारी परत भोईर सर. ते म्हणाले, "बिलात चारशे वीस, दोरीत चारशे सहा. गाळाचं मला पटतं. माझ्या गावच्या बोअरमध्येही गाळ बसला होता. पण ऑडिटरला माझं पटणं दाखवता येत नाही. दोन वाटा आहेत. ठेकेदाराने बिल चारशे सहा फुटांचं करून द्यावं. नाहीतर एकवीस रॉड पाहिलेला, संस्थेचा नसलेला माणूस मला द्या, मी त्याच्याशी बोलेन, लेखी घेईन. शनिवारी संध्याकाळपर्यंत. दोन्ही नाही झालं तर मी मंजुरीच्या वर दहा टक्क्यांपर्यंतचं बिल सोडेन. उरलेली रक्कम ज्याने परवानगीशिवाय खर्च केला त्याच्याकडून वसूल, असा नियम आहे. मला आवडत नाही तो, पण आहे."

उरलेली रक्कम म्हणजे पस्तीस हजार पाचशे. दीड महिन्याचा पगार. त्याहून वाईट म्हणजे वसुलीचा शेरा. तो शेरा असलेल्या माणसाचा करार एकतीस मार्चनंतर पुढे जात नाही.

चौदा फुटांचे होतात दोन हजार तीस रुपये. हे ऐकलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! मी म्हटलं, "हिरामणला सांग बिल कमी कर. दोन हजार मी देते त्याला, हातात. शिकवणीचे आहेत माझ्याकडे."

"नाही."

"मृणू, दोन हजारांसाठी नोकरी घालवतेस?"

"आई, त्याने एकवीस रॉड घातले. मी बिल चारशे सहाचं करून घेतलं तर मोजणीच्या तक्त्यावर माझी सही एकवीस रॉडची आहे, ती खोटी ठरते. आणि तो खोटं बिल देणारा ठरतो. उद्या दुसऱ्या पाड्यावर बोअर मारायची झाली तर म्हणतील, तोच ना, चौदा फूट खाणारा. त्याने काय खाल्लं?"

"त्याला चालत असेल तर?"

"त्याला विचारलं मी. म्हणाला, 'घाम मी काढला, आन् चोर बी मीच?'"

हे त्या दिवशी विनोद न करता म्हणाले, "पस्तीस हजार मी सोसायटीतून उचलतो. भरून टाकू. पोरीला त्रास नको." तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "बाबा, पैसे भरले म्हणजे पैसे चुकीचे गेले होते असं होईल. ते चुकीचे नाही गेले. परवानगी चुकीची होती. ते मी लिहिलंय."

आज संध्याकाळी मी तिला सरळ विचारलं. "एकवीस रॉड पाहिलेला, संस्थेचा नसलेला माणूस. मी आहे तो. मला का नाही नेत?"

ती भांडी लावता लावता म्हणाली, "तू माझी आई आहेस. कोण मानेल? वर गाडीचं निघेल. भरतचं निघेल. माझी आणखी एक चूक निघेल. नको आई. तू यात पडू नको."

"पडू नको." हे माझं वाक्य. ती माझ्याच तोंडचं वाक्य मला परत देत होती.

तिच्या टिपणीची एक प्रत माझ्यासमोर आहे. मी ती आता तिसऱ्यांदा वाचली. सगळं खरं आहे, आणि तरी ती पुरी नाही. अडीचशे फुटांवर तिने कोणाकडे पाहिलं, ते त्यात नाही. कोण म्हणालं, थांबू नको, ते नाही. एका बाईने शेजारी बसून एकवीस रॉड मोजले, ते नाही. जगाला आपली चूक लिहून देणाऱ्या पोरीने या तीन गोष्टी गाळल्या आहेत, फक्त मला आणि भरतला वाचवायला. मी आयुष्यभर तिला जपते असं समजत होते. नऊ दिवस झाले, ती मला जपते आहे.

भोईर सर आईचा शब्द मानतील का? कदाचित नाही मानणार. ऑडिटरपुढे आईची सही हसण्यावारी जाईल, असंही होईल. पण त्यांनी मागितलं ते एवढंच: संस्थेचा नसलेला, पाहिलेला माणूस. आई नसावी असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी किती वजन द्यायचं ते द्यावं. मी कुठे बसले होते, रॉड कोणत्या बाजूला रचले होते, तेरावा अर्ध्यावर असताना मशीन कशी थांबली, विसाव्याला ओल कशी आली, एकविसावा टोकापर्यंत कसा गेला, हे विचारावं. उलटसुलट विचारावं. हिरामणला वेगळं बसवून विचारावं आणि ताडून बघावं. आम्ही दोघं एकमेकांना त्या दिवसानंतर भेटलेलो नाही.

भरतचं मी बघून घेतलं आहे. तासाभरापूर्वी त्याच्या घरी गेले होते, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "काकू, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं राहिलं ते माझं काम होतं. सांगा तुम्ही. ताई एवढं लिहून देते, मी एक ओळ देईन ना." त्याची बायको मागे उभी होती. तिचा चेहरा माझ्यासारखाच होता. मी तिला म्हटलं, "काही झालं तर भोईर सरांपुढे मी उभी राहीन, गाडीत बसले ती मी." ती म्हणाली, "चहा घ्या."

आता राहिली मृणाली. तिच्या पाठीमागे काही करायचं नाही हे मी ठरवलं आहे. पाठीमागून केलं तर ती विनवणी होईल, "माझ्या मुलीला सांभाळून घ्या" असं. मला विनवणी करायची नाही. मला साक्ष द्यायची आहे.

सकाळी ती साडेनऊला निघते. नऊ वाजता, तिच्या पुढ्यात पोहे ठेवून, तिच्यादेखत मी भोईर सरांचा नंबर लावणार. संस्थेच्या कॅलेंडरवर आहे तो. ती फोन ओढून घेईल, घेऊ दे, मी पुन्हा लावीन. स्पीकरवर ठेवीन, म्हणजे मी एक शब्द जास्त बोलले तर तिला तिथल्या तिथे टोकता येईल. मी सांगणार: "नमस्कार, मी मृणालीची आई, कमळ. त्या दिवशी बोअरवर मी होते. मी एकवीस रॉड मोजले. आणि थांबू नको असं मीच म्हटलं होतं. केव्हा येऊ सही करायला?"